आडव्या टाकीचं समीकरण, फोटोतला १.५७ आणि बायसेक्शन: थांबायचं कधी?

सुरंगी

सध्या मासेमारी बंद आहे, त्यामुळे काकांची बोट हर्णैला वर ओढून ठेवली आहे आणि डागडुजी चालू आहे. डिझेलची टाकी नवीन बसवली. आडवं पिंप आहे, आतला व्यास ८० सेंमी आणि लांबी १२० सेंमी. आता काठीवर खुणा करायच्या आहेत, म्हणजे काठी आत घालून किती डिझेल उरलंय ते कळेल. टाकी बनवणाऱ्या वर्कशॉपमधल्या माणसाने वहीच्या पानावर एक वर्तुळ काढलं, खाली एक समीकरण लिहिलं आणि "पाव टाकीची खूण यातून काढा" म्हणून सांगितलं. काकांनी त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला. पानावर तेलाचा डाग आहे, पण मी वाचलं ते असं:

```
θ - sin θ = 1.57
h = r (1 - cos(θ/2))
```

θ म्हणजे डिझेलच्या पृष्ठभागाची दोन टोकं वर्तुळाच्या मध्याशी जोडली की होणारा कोन. h म्हणजे तळापासूनची उंची आणि r म्हणजे टाकीची त्रिज्या. θ सुटा काढता येत नाही हे बघितल्यावर बी. एस्सी.ला शिकलेलं बायसेक्शन आठवलं, म्हणजे उत्तर ज्या a आणि b च्या मधे आहे त्यांचा मध्य m घ्यायचा आणि दर वेळी उत्तर असलेला अर्धा तुकडाच ठेवायचा. २ आणि ३ पासून सुरुवात केली, कारण २ ला डावी बाजू कमी पडते आणि ३ ला जास्त होते. f म्हणजे डावी बाजू वजा १.५७. टेबल असं आलं:

```
step   a         b         m          f(m)
1      2         3         2.5        +0.3315
2      2         2.5       2.25       -0.0981
3      2.25      2.5       2.375      +0.1113
4      2.25      2.375     2.3125     +0.0052
5      2.25      2.3125    2.28125    -0.0468
```

चौथ्या पायरीला f जवळजवळ शून्य झालं होतं. पाचवीला ते परत नऊपट झालं! पुढे जाऊन उत्तर बिघडतंय का? मग चौथ्यालाच थांबायला हवं होतं का? आणि मुळात थांबायचं कधी, हे कोणी सांगेल का? आम्हाला कॉलेजात "चार दशांश स्थळांपर्यंत काढा" एवढंच सांगायचे.

बोंडू

माझ्या कॅल्क्युलेटरवर २ टाकलं तर f = ०.३९५ आणि ३ टाकलं तर १.३७८ येतंय. दोन्ही अधिक. मग मधे उत्तर असणारच नाही. समीकरणच चुकीचं उतरवलंय तुम्ही.

वाशिष्ठीकाठ

बोंडू, कॅल्क्युलेटरच्या वरच्या कोपऱ्यात D दिसतोय का बघा. sin 2 तुम्हाला ०.०३४९ मिळतोय, तो दोन अंशांचा साइन आहे. इथे θ रेडियनमध्ये आहे, कारण तो sin च्या बाहेर एकटाही उभा आहे आणि त्यातून क्षेत्रफळ मोजायचं आहे. रेडियनवर आणलंत की २ ला वजा ०.४७९ आणि ३ ला अधिक १.२८९ मिळेल. चिन्हं वेगळी आहेत, म्हणजे मधे कुठेतरी शून्य आहे.

पण एक गोष्ट तुम्ही बरोबर केलीत. अर्धं करायला लागण्याआधी दोन्ही टोकांची चिन्हं तपासलीत. बरेच लोक ती न तपासताच निम्मं करत सुटतात. मग इंटरव्हल लहान लहान होत जातो आणि शेवटी एका टोकाला जाऊन चिकटतो. उत्तर मिळाल्यासारखं वाटतं, पण मिळालेलं काहीच नसतं. हातात आलेला आकडा तुम्ही निवडलेल्या सुरुवातीच्या टोकाच्या अगदी जवळ असेल तर आधी चिन्हांवर संशय घ्यावा.

बोंडू

D च होता सर. आता जमलं.

खाजा_मालवण

आमच्याकडे काय्येक गणित नाय. तांडेल काठी घालता, बोटान माप घेता आणि सांगता, "रत्नागिरीपर्यंत जातला." आजपर्यंत समुद्रात अडाकलो नाय. 😄

कोकणकडा_७

टाकी गोल असली तरी पाव म्हणजे पाव ना? आमच्या गच्चीवरची टाकी पण गोलच आहे. उंची मोजायची आणि चाराने भागायची. एवढ्यासाठी साइन कशाला?

नाखवा_मिरकरवाडा

कोकणकडा, तुमची टाकी उभी आहे. ही आडवी आहे. आडव्या टाकीला तळाशी आणि वर जागा कमी, मधे पोट मोठं. ८० च्या टाकीत २० सेंमीवर पावची खूण केलीत तर फसाल. मी स्वतः खलाशाला त्यावरून भांडताना बघितलंय. पोराला वाटलं दीडशे लिटर आहे, आणि निघालं त्याच्यापेक्षा खूप कमी. माझ्या अंदाजाने सव्वाशे असेल.

सुरंगी

नाखवा काका, तुमच्या अंदाजावरून मी २० सेंमीचं काढून बघितलं. तिथे θ बरोबर १२० अंश, म्हणजे २.०९४ रेडियन. भरते १९.५५ टक्के. आमच्या टाकीत एकूण ६०३ लिटर मावतं, त्यामुळे २० वर फक्त ११८ लिटर असतं. पाव म्हणजे १५१ लिटर. तेहतीस लिटरचा फरक!

वाशिष्ठीकाठ

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सुरंगी, तुमचं काही बिघडलेलं नाही. बायसेक्शन तुम्हाला फक्त एका गोष्टीची हमी देतं: उत्तर a आणि b च्या मधे आहे, आणि दर पायरीला ती जागा निम्मी होते. १, मग ०.५, ०.२५, ०.१२५, ०.०६२५, आणि पाचव्या पायरीनंतर ०.०३१२५. ही रुंदी कधी वाढत नाही. f(m) मात्र दर पायरीला लहान होईलच असं वचन या पद्धतीने कधीच दिलेलं नाही.

चौथ्या पायरीचा मध्यबिंदू २.३१२५ हा योगायोगाने खऱ्या उत्तराला अगदी खेटून पडला. खरं उत्तर २.३०९४ च्या आसपास आहे. पण पद्धतीला हे माहीत नाही. तिला इतकंच दिसलं की f अधिक आलं, म्हणजे उत्तर डावीकडे. म्हणून तिने २.३१२५ उजवं टोक केलं आणि २.२५ ते २.३१२५ या तुकड्याचा मध्य घेतला. उत्तर उजव्या टोकाला चिकटलेलं असल्यामुळे मध्य साहजिकच त्यापासून लांब गेला. पुढचे काही मध्य डावीकडून हळूहळू परत जवळ येतील: सहाव्याला −०.०२०९ मिळेल, पुढे आणखी कमी. बायसेक्शन f चा आकार वापरतच नाही, फक्त चिन्ह वापरतं. त्यामुळे नशिबाने हाती आलेला चांगला बिंदू ते ओळखू शकत नाही. मात्र तो बिंदू वाया गेलेला नाही. तो अजून b म्हणून बसलेला आहेच.

काजूगर

मी नेहमी f ०.०१ पेक्षा लहान झालं की थांबतो. इतकं साधं आहे. सुरंगीताई चौथ्या पायरीला थांबल्या असत्या तर झालंच होतं ना! २.३१२५ हे उत्तर चालण्यासारखं आहे.

वाशिष्ठीकाठ

इथे चाललं, मान्य. पण तोच नियम तळाशी लावून बघा. समजा काकांना ६०० मिलिलिटरची खूण हवी आहे, म्हणजे टाकीचा हजारावा भाग. मग समीकरण होतं `θ - sin θ = 0.0063`. आता θ = ० घाला. f = −०.००६३. तुमच्या नियमाने हे ०.०१ पेक्षा लहान आहे, म्हणजे थांबा, उत्तर शून्य! खरं उत्तर ०.३३५ च्या जवळ आहे आणि काठीवर ते साधारण अर्धा सेंमी येतं.

नाखवा_मिरकरवाडा

म्हणजे रिकामी टाकी पास झाली. 😂 असली परीक्षा आमच्या वेळी असती तर मीही इंजिनीअर झालो असतो.

काजूगर

सर, पण ६०० मिली कोण मोजतो बोटीवर? उदाहरण मुद्दाम टोकाचं घेतलंत. माझा मुद्दा तसाच आहे. या समीकरणात f ला अर्थ आहे. θ − sin θ ला २π ने भागलं की भरलेला हिस्सा मिळतो, त्याला ६०३ ने गुणलं की लिटर. म्हणजे f मधला १ = ९६ लिटर. माझं ०.०१ म्हणजे एक लिटरची चूक. चौथ्या पायरीची चूक ०.००५२ × ९६, म्हणजे अर्धा लिटर. पाचवीची चूक साडेचार लिटर. मासेमारीला निघणाऱ्या माणसाला लिटर कळतात, θ नाही.

वाशिष्ठीकाठ

हे मात्र छान मांडलंत, आणि मी ते सोडून देत होतो. f चे लिटर करता येतात हे कळल्यावर "f लहान झाल्यावर थांबा" हा नियम आंधळा राहत नाही. माझी हरकत ०.०१ हा आकडा सवयीने लावण्याला आहे, मग समीकरण कुठलंही असो. ६०० मिलीची खूण हवी असताना एक लिटरची सूट दिली तर शून्य पास होणारच.

तरी एक फरक शिल्लक राहतो. f लहान आहे म्हणजे डिझेलच्या हिशोबातली चूक लहान आहे. इंटरव्हल लहान आहे म्हणजे काठीवरच्या खुणेची चूक लहान आहे. टाकीच्या पोटाजवळ दोन्ही बरोबर चालतात. तळाशी नाही. तिथे खूण थोडी हलली तरी लिटर फारसे बदलत नाहीत, त्यामुळे f लगेच लहान दिसू लागतं.

सुरंगी

आम्हाला खूण करायची आहे, म्हणजे आमचा प्रश्न काठीचा. काकांच्या काठीवर सेंटिमीटरच्या खाचा आहेत, त्याहून बारीक वाचता येत नाही. बोट हलत असते तेव्हा तर नाहीच. मग थांबण्याचा नियम काठीवरूनच ठरवायला हवा ना?

वाशिष्ठीकाठ

अगदी तसंच. अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत चूक चालेल असं धरू. आता θ मधली चूक काठीवर किती होते ते बघायचं. या जागी θ एक रेडियन सरकला तर उंची साधारण १८ सेंमी सरकते. हा वेग `(r/2) sin(θ/2)` ने मिळतो, r = ४० घेऊन. म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरसाठी θ मधे ०.०२७ पर्यंतची चूक चालेल.

पाचव्या पायरीनंतर तुमचा इंटरव्हल २.२८१२५ ते २.३१२५, रुंदी ०.०३१२५. त्याचा मध्य उत्तर म्हणून सांगितला तर चूक जास्तीत जास्त रुंदीच्या निम्मी, ०.०१५६. काठीवर ०.२९ सेंमी. झालं, इथेच थांबा.

पाहिजे तर दोन्ही टोकांची उंची काढून खात्री करा. २.२८१२५ ला २३.३ सेंमी येते आणि २.३१२५ ला २३.९ सेंमी. खरी खूण या दोघांच्या मधे आहे, मध्य २३.६, आणि त्याला काठीवरची सगळ्यात जवळची खाच म्हणजे २४. पुढे दहा पायऱ्या केल्यात तरी ती खाच हलणार नाही.

ठिकरी

मला वाटतं सगळे फोटोकडे दुर्लक्ष करताहेत. सुरंगीने फोटोतला तो भाग मला मोठा करून पाठवला. डाग पडलेल्या जागी शेवटचा आकडा ७ आहे की १ हे मला तरी सांगता येत नाही. त्या माणसाच्या ७ ला आडवी रेघ नाही. १.५१ असेल तर?

सुरंगी

मी १.५१ घेऊनही करून बघितलं. θ २.२७३ येतो आणि उंची २३.२ सेंमी. म्हणजे साधारण सहा मिलिमीटरचा फरक, खाच बदलते. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आकडा चुकीचा वाचण्याचा फरक पाचव्या पायरीनंतर उरलेल्या चुकीपेक्षा मोठा आहे.

वाशिष्ठीकाठ

फोटो कितीही मोठा केला तरी डागाखालचा आकडा दिसणार नाही. त्यापेक्षा तो आकडा कुठून आला ते बघा. डिझेलने व्यापलेलं क्षेत्रफळ `(r²/2)(θ - sin θ)`. पाव टाकीसाठी ते πr² च्या पाव हवं. r² दोन्हीकडून जातो आणि उरतं θ − sin θ = π/२. π/२ म्हणजे १.५७०८. म्हणून तो ७ आहे. अर्ध्या टाकीचं समीकरण लिहिलं असतं तर तिथे ३.१४ दिसलं असतं. फोटोतून उतरवलेल्या कुठल्याही समीकरणात एखादा आकडा मागून सिद्ध करता येत असेल तर तो आधी करावा.

आणि हो, यातून थांबण्याची दुसरी मर्यादाही मिळते. पानावर १.५७ लिहिलंय, म्हणजे दोन दशांश स्थळं. तो आकडा ०.००५ पर्यंत इकडेतिकडे असू शकतो असं धरलं तर θ मधे ०.००३ ची अनिश्चितता समीकरणातच बसलेली आहे. इंटरव्हल त्याहून अरुंद करणं म्हणजे त्या माणसाने न लिहिलेला आकडा शोधत बसणं. आठ-नऊ पायऱ्यांनंतर या फोटोत काही उरत नाही.

कोडकरी

पायऱ्या आधीच मोजता येतात हे कोणी म्हटलं नाही. सुरुवातीची रुंदी १ असेल तर n पायऱ्यांनंतर १ भागिले २ चा n वा घात. दहा पायऱ्यांत हजारावा भाग, म्हणजे तीन दशांश स्थळं. समीकरण कुठलंही असो, पायऱ्या तेवढ्याच.

हे घ्या, हाताने करायचा कंटाळा आला असेल तर:

```python
from math import sin

def f(t):
    return t - sin(t) - 1.57

a, b = 2.0, 3.0
while b - a > 0.05:
    m = (a + b) / 2
    if f(a) * f(m) <= 0:
        b = m
    else:
        a = m
    print(a, b)
```

०.०५ यासाठी की मध्य सांगितल्यावर चूक ०.०२५ च्या आत राहते, सरांच्या ०.०२७ मधे बसते. पाच ओळी छापून थांबतो.

मात्र त्या ०.०५ च्या जागी हौसेने 1e-20 लिहू नका. कॉम्प्युटरच्या साध्या दशांश संख्या २ ते ४ च्या दरम्यान एकमेकींपासून 4.4e-16 अंतरावर असतात. एक्कावन्न वेळा निम्मं केलं की a आणि b शेजारी-शेजारी येऊन बसतात आणि मधे संख्याच उरत नाही. m पुन्हा पुन्हा a किंवा b च येतो, रुंदी कमी होत नाही आणि लूप रात्रभर फिरत राहतो. म्हणून पायऱ्यांवरही एक कमाल मर्यादा घालावी.

काजूगर

एवढा खटाटोप कशाला? f च्या उतारावरून पुढची उडी ठरवणारी न्यूटन-रॅफसन पद्धत लावा. २.५ पासून निघा, पहिल्या उडीत २.३१६, दुसरीत २.३०९. संपलं.

कोडकरी

लागेल, आणि लवकर लागेल. पण तोच ० पासून सुरू करून बघा. उतार १ − cos θ आहे, तो ० ला शून्य. पहिल्याच उडीला शून्याने भागाकार. सुरुवात चांगली मिळाली तर न्यूटनसारखं काही नाही, पण ती मिळेल याची जबाबदारी आपली. बायसेक्शन मंद आहे, तरी दोन वेगळी चिन्हं हाती असली तर ते हरवत नाही.

काजूगर

० पासून कोण सुरू करेल?

कोडकरी

तळाची खूण काढणारा.

पंपवाला_गुहागर

पंपावर जमिनीखालच्या टाक्या अशाच आडव्या असतात, आणि त्यांच्यासोबत छापील चार्ट येतो: इतके सेंटिमीटर तर इतके लिटर. आम्ही रोज सकाळी काठी घालून त्या चार्टवरून वाचतो. कोणी समीकरण सोडवत नाही. तुम्हीही तसा चार्ट करा ना. २ सेंमी, ४ सेंमी, ६ सेंमी घेतले आणि लिटर काढले, तर बायसेक्शनची गरजच नाही. उंची दिली की θ सरळ मिळतो, θ वरून लिटर. उलट्या बाजूने जाताना अडचण येते, म्हणजे लिटर देऊन उंची विचारली तर.

नाखवा_मिरकरवाडा

हे मला पटलं. पण सेंटिमीटर धरून सरळ जाता येतं, तर मग अर्धं करणंही सेंटिमीटरमधेच करा ना. θ कशाला निम्मा करायचा? काठीच निम्मी करा. २० वर कमी आहे हे आपल्याला माहीत आहे, ४० वर अर्धी टाकी, म्हणजे जास्त. ३० चे लिटर काढा. जास्त निघाले तर २५. असं.

सुरंगी

काका, केलं! कॅल्क्युलेटरवर दर वेळी `cos(θ/2) = (40 - h)/40` वरून θ काढला आणि मग लिटर. हवेत १५१.

```
a       b       h        litres
20      40      30       207
20      30      25       161
20      25      22.5     139
22.5    25      23.75    150
23.75   25      24.375   155
```

आता उत्तर २३.७५ ते २४.३७५ च्या मधे. रुंदी ०.६२५ सेंमी, म्हणजे मध्य सांगितला तर चूक ०.३१ च्या आत. पाचच पायऱ्या लागल्या आणि थांबायचं कुठे हे विचारावंच लागलं नाही, कारण इंटरव्हल काठीच्याच मापात आहे. १८ ने गुणायची भानगड नाही.

वाशिष्ठीकाठ

नाखवा, तुम्ही मला शाळेतून निवृत्त झाल्यावर शिकवलंत. ज्या राशीत उत्तर वापरायचं आहे तिचाच इंटरव्हल निम्मा करावा. मग रुंदी आणि सवलत एकाच मापात राहतात.

चौथी पायरी परत बघा सुरंगी: २३.७५ ला १५० लिटर, आणि पाचवीला १५५. इथेही एकदा जवळ जाऊन लांब गेलं. आता घाबरला नाहीत ना?

सुरंगी

नाही. 😄 आणि तीन-चतुर्थांशची खूण वेगळी काढायला नको, हेही लक्षात आलं. वरची रिकामी जागा पाव, म्हणजे ८० वजा २३.८, साधारण ५६.

ठिकरी

पण नुसत्या २४ वर खूण केली तर किती लिटर चुकतात?

काजूगर

पाव टाकीजवळ पृष्ठभागाची रुंदी ७३ सेंमी आणि लांबी १२०. एक सेंमी थर म्हणजे जवळजवळ पावणेनऊ लिटर. २४ आणि २३.८ मधे दीड-पावणेदोन लिटर. खाचांच्या काठीवर तुम्ही कसंही वाचलंत तरी चार लिटर इकडेतिकडे होणारच.

खाजा_मालवण

मगे तांडेलाचो बोट आणि तुमचा गणित, दोघांचो फरक चार लिटर. माका आधीच म्हायत होता.

नाखवा_मिरकरवाडा

खाजा, तुझा तांडेल नशीबवान आहे. आमच्याकडे दोन दिवस बाहेर राहायचं म्हटलं की तेहतीस लिटरची चूक परवडत नाही.

सुरंगी, गणित झालं तरी एकदा कॅनने पडताळा. वीस लिटरचे सात कॅन ओता, वर दहा-अकरा लिटर, आणि काठी घाला. २४ च्या खाचेजवळ ओलं दिसलं तर खूण पक्की. नाही दिसलं तर टाकीचा व्यासच ८० नाही असं समजा. वर्कशॉपवाले कधी बाहेरून मोजतात, पत्र्याची जाडी धरून.

पंपवाला_गुहागर

किंवा टाकीची दोन्ही टोकं सपाट नसून फुगीर असतील. मग १२० लांबीचं सरळ नळकांडं हे समीकरणच थोडं चुकतं. तेही पडताळ्यात दिसेल, पण कारण कुठलं ते नाही दिसणार.

सुरंगी

टोकं सपाट आहेत, विचारलं काकांना. व्यास कुठून मोजला ते उद्या विचारते.

आणखी एक सांगितलं काकांनी. टाकी बोटीच्या लांबीत बसवली आहे आणि काठी घालायचं भोक मागच्या टोकाला आहे. जाळं आणि बर्फ भरला की बोट मागे बसते. मग मागच्या टोकाला डिझेल जास्त दिसणार.

वाशिष्ठीकाठ

भोक लांबीच्या मध्यावर असतं तर फारशी अडचण नव्हती. एका बाजूला चढतं तेवढं दुसऱ्या बाजूला उतरतं, मध्याची उंची जवळजवळ तीच राहते. मागच्या टोकाला असेल तर टाकीच्या निम्म्या लांबीत जितका उतार येतो तितका फरक काठीवर येईल. टाकीच्या १२० सेंमीत मागचं टोक ४ सेंमी खाली गेलं तर काठी २ सेंमी जास्त दाखवेल. म्हणजे सतरा-अठरा लिटर जास्त. पाच पायऱ्यांत मिळवलेलं सगळं त्यात बुडतं.

काजूगर

मग भरलेल्या बोटीवर, म्हणजे बोट जशी मागे बसते तशीच ठेवून कॅनने खुणा करा. समीकरण ठेवा बाजूला.

नाखवा_मिरकरवाडा

भरलेली बोट आणि रिकामी बोट, दोन्हीला वेगळा कल. निघताना एक, परत येताना दुसरा. कुठल्या कलावर खूण करणार?

पंपवाला_गुहागर

मध्यावर दुसरं भोक पाडायला सांगा. टाकी अजून कोरी आहे ना? डिझेल भरल्यावर वेल्डिंगवाला जवळ येणार नाही.

सुरंगी

कोरी आहे. काकांना विचारते, पण मध्याच्या वर इंजिनाचा पाइप जातो असं काहीतरी म्हणत होते.